आज उपास कुणाचा आहे?

रक्तदान शिबिरात भाषणं दोन होतात. पहिलं उद्घाटनाचं. शाहू महाराजांच्या तसबिरीला हार, नारळ, समई, मग पाहुणे बोलायला उभे राहतात आणि त्यांच्या मागं रांगेत उभी असलेली मंडळी मोबाइल काढतात. ज्यांना उद्देशून ते भाषण असतं, ते रक्तदाते त्या वेळी घरी अंघोळीला बसलेले असतात. दुसरं भाषण पाहुण्यांची गाडी गल्लीबाहेर पडल्यावर सुरू होतं. त्याला हार नाही, माइक नाही, आणि ते दिवसभर पुन्हा पुन्हा करावं लागतं, कारण माणसं एकदम येत नाहीत, घोळक्याघोळक्यानं येतात. दहाबारा खुर्च्या भरल्या की मी पुढं उभा राहतो. हे दुसरं भाषण आमच्या तालमीत माझ्या गळ्यात पडलं ते कायमचंच. आता त्यातलं एखादं वाक्य दुसऱ्या कुणी बदललं तर मला चैन पडत नाही.

शिबिर असतं ते 26 जूनच्या, म्हणजे शाहू जयंतीच्या अलीकडच्या एखाद्या रविवारी. बाहेर पाऊस, जिन्यावर छत्र्यांचं पाणी, खाली आखाड्यातल्या तांबड्या मातीचा वास, आणि वर हॉलमध्ये ब्लड बँकेच्या टीमनं मांडलेले पाच पलंग. हॉल वरच्या मजल्यावर आहे, ही गोष्ट पुढं महत्त्वाची आहे.

माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. ‘‘या, बसा, पेठेतल्या पोरांच्या वतीनं सगळ्यांचं स्वागत. आज उपास कुणाचा आहे?’’

बाहेरगावचा माणूस या प्रश्नाला हसतो. कोल्हापुरात कुणी हसत नाही. शिबिरं ठेवायची तर सुट्टीच्या दिवशी, म्हणजे रविवारी. आणि रविवार हा ज्योतिबाचा वार. इथं घरटी एक तरी माणूस रविवार धरणारा सापडतो. त्यातही जो वार नेमानं पाळतो, तोच रक्तदानालाही नेमानं येतो, कारण दोन्हीमागं माणूस एकच असतो. तो सकाळी वाडीरत्नागिरीला दर्शन घेऊन, डोंगर उतरून, कपाळावरच्या गुलालासकट आमच्या जिन्यावर उभा राहतो आणि त्याच्या पोटात फक्त चहा असतो. नियम सांगतो की उपाशीपोटी रक्त द्यायचं नाही आणि उपास चालू असतानाही नाही. आधीच्या चार तासांत नीट काहीतरी खाल्लेलं असावं, असं आम्ही धरतो.

हात वर करा म्हटलं तर आधी एकच हात वर येतो. मग मी सांगतो, ‘‘उपास मोडा म्हणत नाही. देवाचं देवाला. ब्लड बँक सोमवारीही उघडी असते, तुम्ही सोमवारी जेवून जावा.’’ तेव्हा आणखी दोन हात वर येतात. एकदा एक मावशी म्हणाल्या, ‘‘मी साबुदाणा खाल्लोय की वाटीभर.’’ आता वाटीभर साबुदाणा म्हणजे उपास की जेवण, हा वाद कोल्हापुरात दुपारपर्यंत चालू शकतो. मी तो डॉक्टरांच्या टेबलाकडे ढकलला.

उपाशी येणारा दुसराही एक प्रकार आहे आणि तो देवभोळा नसतो. त्याच्या घरी कुणाची तरी साखर तपासतात. ‘रक्त द्यायला जायचं तर सकाळी काही खायचं नाही’ हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. लॅबमध्ये रक्त तपासायला देणं वेगळं आणि इथं पिशवीभर देणं वेगळं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून उपासाचा प्रश्न झाला की पुढचा प्रश्न, ‘‘सकाळपासून काय काय खाल्लं?’’ नुसतं ‘जेवलात का’ विचारलं तर सगळा हॉल ‘होय’ म्हणतो. ‘काय खाल्लं’ विचारलं की डोळे छताकडे जातात. ज्याचे जातात त्याला आमची पोरं पोह्यांच्या टेबलाकडे घेऊन जातात, आणि खाऊन झाल्यावर थोडा वेळ बसवून मगच त्याचा नंबर लागतो.

त्यानंतर पाणी. आत जायच्या आधी पंधरावीस मिनिटांत मोठे दोन ग्लास, साधारण अर्धा लिटर. हे आम्ही आग्रहानं पाजतो. रक्त देताना अंगातलं पातळ पदार्थाचं प्रमाण एकदम कमी होतं. आधी पाणी पोटात असलं की रक्तदाब टिकून राहायला मदत होते आणि चक्कर येणाऱ्यांची संख्या घटते. पावसाळी हवेत कुणाला तहान लागत नाही, म्हणून जूनमध्ये हे जास्तच सांगावं लागतं.

मग मी सुईवर येतो. इथं माझं आणि इतर कार्यकर्त्यांचं पटत नाही. ‘मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस’ असं सांगायची सगळीकडे पद्धत आहे. मी ते म्हणत नाही. रक्त घ्यायची सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा चांगली जाड असते, कारण बारीक सुईतून रक्त हळू येतं, पेशी फुटतात आणि गुठळी धरते. ती आत जाताना दुखतं. दोन-तीन सेकंद दुखतं आणि मग बोथट होतं. पहिल्यांदा आलेल्या पोराला मुंगी सांगितली आणि त्याला सुई दिसली, तर त्या क्षणापासून तो आपलं पुढचं एकही वाक्य खरं मानत नाही. म्हणून मी म्हणतो, ‘‘टोचणार दोनदा. आधी बोटाला, मग कोपराच्या घडीत. बोटाचं जास्त झोंबतं, असं पुष्कळजण सांगतात. दुसरं टोचताना बघायचं नसेल तर मान खिडकीकडं वळवा, लाजायचं काही नाही. आमचे काही जुने पैलवानसुद्धा खिडकीकडंच बघतात.’’

शेवटचं वाक्य खरं आहे. हशा होतो तो वेगळा.

बोटाच्या टोचणीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिथं माणसं परत फिरतात आणि उगाच घाबरतात. टेबलावर एका काचेच्या भांड्यात निळंशार पाणी असतं. ते मोरचुदाचं द्रावण. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब त्यात वरून सोडतात. थेंब गोल गोळी होऊन क्षणभर थबकतो आणि मग सरळ खाली जातो. पंधरा सेकंदांच्या आत बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे असं धरतात आणि तुम्ही पास. तरंगत राहिला, किंवा अर्ध्यात लोंबकळून वर आला, तर आज नाही. द्रावणाची घनता मुद्दाम तेवढीच राखलेली असते. त्याहून जड रक्त खाली जातं, हलकं वर राहतं. आता बऱ्याच ठिकाणी यंत्रावर थेट आकडा दिसतो, पण भांड्याभोवती जमणारी गर्दी यंत्राभोवती जमत नाही. पोरं पैज लावतात, ‘बुडतोय बघ, बुडतोय’. कॉलेजच्या पोरींचे थेंब पुष्कळदा तरंगतात. त्यांना मी आधीच सांगून ठेवतो की थेंब तरंगला म्हणजे आजारी आहात असं नाही. आज तुमचं तुम्हालाच लागणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढं काय करायचं ते डॉक्टर सांगतील.

यानंतरचा भाग आवाज उतरवून बोलायचा असतो.

‘‘फॉर्मवर प्रश्न आहेत. काही घरगुती आहेत, काही अगदी खाजगी आहेत. खरं लिहा. तो कागद डॉक्टरांशिवाय इथं कुणी वाचत नाही, मीसुद्धा नाही. एखादा प्रश्न वाचून आपण आज द्यायला नको असं वाटलं, तर डॉक्टरांच्या पडद्याआड जाऊन ‘मला आज नको’ एवढंच म्हणा. आणि बाकीच्यांनी ऐका, इथून कुणी रक्त न देता परत फिरला तर त्याला ‘का रे?’ म्हणून विचारायचं नाही. परत फिरायला शंभर कारणं असतात. कुणाचा दात काढलेला असतो, कुणी टॅटू काढलेला असतो, कुणाची ताप येऊन गेल्यावरची गोळी चालू असते.’’

हे शेवटचं बोलणं फॉर्म भरणाऱ्यापेक्षा त्याच्या मित्रांसाठी असतं. आमच्याकडं एकटा कुणी येत नाही. गल्लीतली चार-पाच पोरं एकाच वेळी येतात, त्यातला एक दुसऱ्याला खेचून आणतो, आणि मागं फिरणाऱ्याला आठवडाभर कट्ट्यावर ऐकून घ्यावं लागतं. त्या धाकानं माणूस कागदावर खोटं लिहितो. पुढं प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी होते हे खरं, पण लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस कुठल्याच तपासणीत काही दिसत नाही. तेवढ्या दिवसांपुरती पेशंटच्या बाजूनं एकच भिंत उभी असते, ती म्हणजे त्या कागदावरचं खरं उत्तर. म्हणून ‘फुकटात तपासून मिळेल’ म्हणून येणाऱ्याला मी सरळ सांगतो की तपासायचं तर सरकारी केंद्रात तपासून घ्या, तिथंही फुकटच आहे आणि नावही फुटत नाही. हेल्मेट आणि बॅगा वाटून रांगा वाढवणारी शिबिरं मला याच कारणानं आवडत नाहीत. आमच्याकडं चहा, पोहे, बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र, संपलं.

आता ‘कुणाला विचारायचं’. हा भाग बसवायला सगळ्यात जास्त खटाटोप करावा लागला. पहिली कल्पना अशी होती की मदतनीस पोरांनी फेटे बांधावेत, म्हणजे लांबून ओळखू येतील. पण शिबिराच्या दिवशी पाहुण्यांना फेटे, अध्यक्षांना फेटे, फोटो काढायला आलेल्यांनाही फेटे. कुणाला विचारावं तर तो म्हणे, ‘मी पाहुणा आहे.’ शेवटी पिवळी जाकिटं आणली.

‘‘नाव, पत्ता, वजन, नंबर कधी येणार, हे दारातल्या टेबलाला विचारा. मला चालतंय का, माझी गोळी चालू आहे, मला दमा आहे, पूर्वी ऑपरेशन झालंय, असलं काहीही असेल तर फक्त डॉक्टरांना विचारा. मला विचारू नका, माझ्या मित्राला विचारू नका, गल्लीतल्या कंपाउंडरला तर अजिबातच नको. बायकांना काही विचारायचं असेल तर पोह्यांच्या टेबलाजवळ पिवळ्या जाकिटातल्या ताई आहेत, त्यांच्याशी बोला, आम्ही मध्ये येत नाही. आणि बाकी सगळ्याला, म्हणजे चपला कुठं काढायच्या, पाणी कुठंय, मला भीती वाटतीया, मला गरगरतंय, या सगळ्याला कुठलंही पिवळं जाकीट.’’

‘भीती वाटतीया’ आणि ‘चपला’ मी मुद्दाम एका दमात घेतो. कोल्हापुरात भीतीचा प्रश्न निराळा आहे. इथं घाबरणारी माणसं कमी आहेत असं काही नाही. घाबरल्याचं सांगणारी कमी आहेत. खाली आखाडा, भिंतीवर गदा घेतलेल्या पैलवानांचे फोटो, शेजारी मित्र, आणि पलंगावर आपण. अशा ठिकाणी ‘मला कसंतरी होतंय’ हे शब्द तोंडातून बाहेर पडायला फार ताकद लागते. शेवटपर्यंत पोरगं म्हणतं, ‘काय होत न्हाई मला’, आणि ते म्हणतानाच पडतं. सगळ्या भाषणाचा रोख खरं तर या एका गोष्टीवर आहे. पडण्याच्या आधी त्यानं तोंड उघडलं पाहिजे.

एक प्रसंग सांगतो. पोरगा एकोणीसचा, पहिलीच वेळ, वजन बावन्न. पंचेचाळीसच्या वर असला की साडेतीनशे मिलिलिटरची पिशवी घेतात, तीच त्याची घेतली. मिसळ खाऊन आलेला, पाणी प्यालेला, रक्तदाब ठीक, थेंब झटकन बुडालेला. पलंगावर आडवा झाला, हातात दाबायचा चेंडू, सात-आठ मिनिटांत पिशवी भरली. मित्र बाजूला उभं राहून व्हिडिओ काढत होता. सगळं सुरळीत. दहा मिनिटं पडून राहा म्हटलं तर पाच मिनिटांतच उठून बसला, आणि चहाच्या टेबलावर जाऊन खुर्चीत बसला. तिथं बसून दोन घोट घेतले आणि मित्रानं हाक मारली, ‘चल की, महाराजांच्या फोटोपाशी फोटो काढू’. तो उभा राहिला.

आमच्या ताई बिस्किटं मांडत होत्या. त्यांनी नंतर सांगितलं की आधी त्याला जांभई आली. मग दुसरी आली. मित्र काहीतरी विनोद सांगत होता आणि याचं हसू अर्धा क्षण उशिरा आलं. वरच्या ओठावर मिशीच्या जागी घामाचे बारीक थेंब, आणि ओठ राखेच्या रंगाचे. ताईंनी विचारलं, ‘‘काय रे, बरं हाय न्हवं?’’ तो म्हणाला, ‘‘काय न्हाई.’’ ताईंनी त्याच्या शब्दांवर विश्वास ठेवला नाही. एक हात पाठीमागं, एक खांद्यावर, आणि ‘खाली बस’ न म्हणता त्याला सरळ जमिनीवर आडवा केला. मी त्याचे पाय उचलून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवले. तोपर्यंत त्याचे डोळे वर गेले होते.

पुढची दोन मिनिटं गर्दी आवरण्यात जातात. मित्र खालून कांदा घेऊन धावत आला. कांदा, चप्पल, तोंडावर पाण्याचा हबका, यातलं काही लागत नाही. शर्टाचं वरचं बटण सैल केलं, खिडकी उघडली, कपाळावर गार फडकं ठेवलं, आणि डॉक्टर येऊन नाडी धरून बसले. नाडी पन्नाशीच्या खाली होती. हे बघून नवी पोरं गोंधळतात, कारण घाबरलेल्या माणसाची नाडी जोरात पळायला हवी. पण या चक्करीची खूणच ती. सुई, रक्त दिसणं, गर्दी, उष्मा, किंवा नुसतं झटकन उभं राहणं, याला शरीर कधी कधी उलटं उत्तर देतं. आधी हृदय धडधडतं, मग मेंदूतून छातीकडं उतरणारी व्हेगस नावाची नस त्याचा वेग एकदम उतरवते. त्याच वेळी पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साचतं, आणि मेंदूला काही क्षण कमी पडतं. म्हणून आडवं करून पाय वर केले की तेवढ्यानंच माणूस उठतो. रक्तस्राव होऊन बेशुद्ध पडणाऱ्याची नाडी बारीक आणि जलद लागते; डॉक्टर नाडी धरून हाच फरक बघत असतात.

रक्त जास्त काढलं गेलं म्हणून तो पडला का? त्याच्या आईनं नंतर फोनवर हेच विचारलं. माणसाच्या अंगात किलोमागं साधारण सत्तर मिलिलिटर रक्त धरा. बावन्न किलोला साडेतीन लिटरच्या थोडं वर. त्यातलं साडेतीनशे म्हणजे दहावा हिस्सासुद्धा नाही. पण पाच मिनिटांत उठणं, उभं राहणं, पहिलीच वेळ, कमी वय आणि बेताचं वजन, हे सगळं एकत्र आलं. बहुतेक चक्करी पलंगावर येत नाहीत, पलंगावरून उठल्यावर येतात, आणि काही तर शिबिराबाहेर पडल्यावर येतात. आता तो हॉल वरच्या मजल्यावर असण्याचा मुद्दा. फोटो न काढता पोरगा तडक निघाला असता, तर पावसानं ओल्या झालेल्या सतरा पायऱ्यांवर पडला असता. चक्करीनं माणसाला काही होत नाही. होतं ते डोकं आपटून.

दोन मिनिटांत त्याच्या ओठांवर रंग आला. त्यानं विचारलं, ‘‘फोटो काढला?’’ उत्तरं सरळ द्यायला लागल्यावर मग पाणी, त्याच्या आधी नाही, कारण अर्धवट शुद्धीतला माणूस ठसकतो. मग आधी बसवला, पाय सोडून तसाच बसू दिला, मग उभा केला. मोटारसायकलची किल्ली मित्राकडं दिली. संध्याकाळी ताईंनी फोन करून विचारपूस केली. दुसऱ्या दिवशी तो खडखडीत होता, म्हणजे क्लासला दांडी मारून रंकाळ्यावर होता.

त्या दिवसापासून भाषणात पलंगानंतरचा भाग लांबला. आता मी म्हणतो, ‘‘पिशवी भरली म्हणजे काम संपलं नाही. दहा मिनिटं पडून, मग बसून, मग उभं. त्यानंतर टेबलाशी पंधरा मिनिटं. फोटो बसून काढायचे. जिना उतरताना एकटं उतरायचं नाही, जिन्याच्या तोंडाशी पिवळं जाकीट उभं आहे, त्याच्याबरोबर. रस्त्यात गरगरलं तर गाडी बाजूला घ्या आणि फुटपाथवर आडवे व्हा. लोक बघतील, बघू देत.’’

आणि एक व्यायाम शिकवतो. तालमीतल्या पोरांना तो सांगायला सोपा जातो. पलंगावर पडल्या पडल्या एका पायावर दुसरा पाय टाकायचा, आणि बैठकीला खाली जाताना मांड्या आवळतात तशा मांड्या आणि बैठक आवळायची, पाच मोजायचे, सोडायचं. श्वास कोंडायचा नाही. सुई असलेला हात मोकळा आणि स्थिर. सुई लागल्यापासून निघेपर्यंत अधूनमधून आणि उठून बसायच्या आधी पुन्हा. आवळलेले स्नायू पायातलं रक्त वर ढकलतात, म्हणून दाब घसरत नाही. शिवाय पोराला काहीतरी करायला मिळतं, हाही फायदाच. नुसतं छताकडं बघत पडलेला माणूस भीतीचा विचार जास्त करतो.

चक्कर संसर्गाचीही असते. एक पडला की ते बघून शेजारचा पांढरा पडतो. म्हणून वाट बघणाऱ्यांच्या खुर्च्या पलंगांकडं पाठ करून मांडल्या आहेत, आणि कुणी पडलाच तर पिवळ्या जाकिटांनी ओरडायचं नाही, नुसता हात वर करायचा. डॉक्टरांना तो दिसतो.

सगळ्यात शेवटी घरी गेल्यावरचं. पट्टी तीन-चार तास काढायची नाही. रक्त आलं तर बोटानं दाबून हात वर धरायचा. काळंनिळं झालं तर घाबरू नका, आठवड्यात जातं. दिवसभर पाणी जास्त प्या. तासभर सिगारेट नाही, मावा नाही. ज्यांना हे जमणार नाही असं वाटतं त्यांनी हातच वर करू नयेत, मला सगळे माहीत आहेत. त्या हातानं जड उचलायचं नाही. आज जोर-बैठका नाहीत, लढत नाही, फुटबॉल नाही. आणि घरी जाऊन फॉर्ममधली एखादी गोष्ट आठवली, किंवा उद्या ताप भरला, तर कार्डावरच्या नंबरावर फोन करा. पिशवी बाजूला काढून ठेवतील. कुणी रागावणार नाही.

‘फुटबॉल नाही’ म्हटलं की हॉलमध्ये चुळबुळ होते. गेल्या खेपेला मागच्या खुर्चीवरचा एकजण उठलाच. अंगात संघाचा टी-शर्ट, पायात स्पोर्ट्स शूज.

‘‘संध्याकाळी मॅच आहे, दादा. पण मी गोलकीपर आहे. उभाच असतो की. चालतंय न्हवं?’’

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी बोट डॉक्टरांच्या पडद्याकडं दाखवलं. तो आत गेला आणि दोन मिनिटांत बाहेर आला.

‘‘काय म्हणाले?’’ मागून मित्रानं विचारलंच. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं, तसा तो ओशाळला.

पण गोलकीपरला लपवायचं नव्हतं. ‘‘म्हणाले, उडी मारणार असशील तर आज नको, आणि मारणार नसशील तर तुला टीममध्ये ठेवलंय कशाला?’’

तो मॅचला गेला. जाताना बिस्किटाचा पुडा मात्र घेऊन गेला, आणि ताईंनी तो दिला.